मन लिहायला गेले आणि ‘सल’ उमटला: इन्स्क्रिप्टचे तीस दिवस

१ जून, दिवस १

इन्स्क्रिप्ट या कळफलकावर मराठी टंकायला तीस दिवसांत शिकायचं आणि ते चित्रित करायचं, असं ठरवलंय. कॅमेरा आज चेहऱ्यावर नाही, वरून हातांवर लावलाय. जे काही बिघडणार आहे ते बोटांतच बिघडणार, तेव्हा तेच दिसू दे.

मी तालुक्याच्या एका वाचनालयात अर्धवेळ ग्रंथपाल आहे. आमचं दाखल रजिस्टर शाईनं लिहिलेलं आहे आणि ते संगणकावर चढवायचं काम माझ्याकडे आलंय. सात वर्षं मी मराठी रोमन अक्षरांतून लिहिते: इंग्रजी स्पेलिंग टाकायचं आणि खाली येणाऱ्या यादीतून हवा तो शब्द उचलायचा. पत्र, सूचना, निरोप यांना ते पुरतं. रजिस्टरला पुरत नाही, कारण रजिस्टर म्हणजे निव्वळ आडनावं आणि गावांची नावं. ळ हवा तिथे यादी ल पुढे करते, ण हवा तिथे न. दर दोन-तीन नावांमागे थांबून यादी चाळावी लागते, आणि कंटाळा आला की चुकीचंच नाव पुढे जातं.

इन्स्क्रिप्टमध्ये यादी नाही. एक कळ म्हणजे एक अक्षर किंवा एक मात्रा. ही मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ मध्ये ठरवली आणि १९९१ च्या भारतीय मानकात ती आहे. विंडोजमध्ये भाषांच्या यादीत मराठी घेतलं की मराठी कळफलक म्हणून हीच मांडणी मिळते. `Win+Space` दाबून भाषा बदलायची.

मोजण्याची रीत आधी ठरवून टाकते, म्हणजे नंतर पळवाट नको. रोज पाच मिनिटांची चाचणी, पाच कळा म्हणजे एक शब्द, शिफ्ट वेगळी मोजायची नाही. रोमन पद्धतीनं माझा वेग मिनिटाला २२ शब्द. मराठी टंकलेखनाच्या सरकारी परीक्षेला ३० लागतात. मी महिनाअखेरीचं लक्ष्य २५ ठेवलंय.

आजची चाचणी: पाच मिनिटांत ५८ कळा. म्हणजे मिनिटाला दोन शब्द आणि थोडी चिल्लर.

२ जून, दिवस २

नकाशा. हे एकदा समजलं की निम्मी भीती जाते, म्हणून आज जरा सावकाश सांगते.

डावा हात स्वरांचा, उजवा व्यंजनांचा. डावी बोटं मधल्या ओळीवर ठेवली की करंगळीपासून ो, े, ्, ि आणि तर्जनी थोडी आत सरकवली की ु. उजवीकडे तर्जनीखाली र, मग क, त, च. र च्या डावीकडे प. शिफ्ट दाबली की मात्रेचा पूर्ण स्वर होतो, म्हणजे ा चा आ, ि चा इ. बऱ्याच व्यंजनांचं महाप्राण होतं: क चा ख, त चा थ, प चा फ. अक्षरं कुठेही विखुरलेली नाहीत, शाळेतल्या बाराखडीच्या तक्त्यासारखी ती घराण्यानं बसली आहेत.

‘कापूस’ लिहून बघा: उजवा, डावा, उजवा, डावा, उजवा. दोन्ही हात झिम्मा खेळल्यासारखे आळीपाळीनं पडतात. आता ‘मानव’ लिहा. सगळा शब्द डाव्या हातानं, कारण म, न आणि व ही तीन व्यंजनं डावीकडे खालच्या ओळीत राहायला गेली आहेत. हे तिघं मला छळणार, हे आजच लिहून ठेवते.

कळांवर चिकटवायचे मराठी स्टिकर आणलेत. चिकटवले.

४ जून, दिवस ४

आजचा दिवस एका वेलांटीनं खाल्ला.

कागदावर ‘वि’ लिहिताना माझा हात आधी वेलांटी काढतो, मग व. डोळ्यालाही आधी वेलांटीच दिसते. त्यामुळे बोट आधी ि वर गेलं आणि पडद्यावर टिंबाटिंबांचं एक वर्तुळ आलं, त्याला वेलांटी लटकलेली, आणि शेजारी एकटा व. हे वर्तुळ म्हणजे मात्रेला बसायला व्यंजन मिळालेलं नाही, याची खूण. ते दिसलं की काय चुकलं हे शोधत बसायचं नाही. क्रमच उलटा झालेला असतो, किंवा शब्दाच्या सुरुवातीला आ ऐवजी ा पडलेला असतो.

इथे अक्षरं दिसतात त्या क्रमानं नाही, उच्चारतात त्या क्रमानं टाकायची. पूर्ण उदाहरण:

```
विद्यार्थी
व  ि  द  ्  य  ा  र  ्  थ        ी
b  f  o  d  /  e  j  d  Shift+l  r
```

रफार बघा. दिसतो थी च्या डोक्यावर, सगळ्यात शेवटी काढल्यासारखा. पण तोंडात र् आधी येतो, म्हणून `j d` आधी आणि थ नंतर. रफारासाठी वेगळं काही शिकायचं नाही. र, पाय मोडा, पुढचं अक्षर.

मी हे समजून सांगतेय खरी, पण आज ‘विद्यार्थी’ सलग बरोबर यायला सतरा प्रयत्न लागले.

एक बारीक गोष्ट हाताला लागली. चूक झाल्यावर `Backspace` फक्त शेवटची कळ पुसतो: ‘थी’ मधली ी जाते, थ राहतो. कर्सर अक्षराआधी ठेवून `Delete` दाबला तर आख्खं ‘र्थी’ जातं. पहिले तीन दिवस मी सगळा शब्द पुसून पुन्हा लिहीत होते.

६ जून, दिवस ६

काल रात्री चित्रण पाहिलं आणि मीच पकडली गेले. कॅमेरा वर टांगलेला आहे, त्यामुळे मी खाली कळफलकाकडे वाकले की माझं डोकं चौकटीत येतं. पाच मिनिटांच्या चाचणीत ते ३४ वेळा आलं. ‘न बघता टंकते’ असं मी दिवस ५ च्या भागात छातीठोकपणे सांगितलं होतं. ते विधान मागे घेते.

दोष स्टिकरांचा. ते आहेत म्हणून डोळा जातो. सगळे खरवडून काढले. दोन कळांवरचा गोंद अजून चिकट आहे. मांडणीचा छापील कागद पडद्याच्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर लावला. मान वर राहिली तर बोटांना आपणहून वाट शोधावी लागते. `F` आणि `J` या कळांवर बारीक उंचवटे असतात, तर्जन्या तिथे परत येऊन बसल्या की घर सापडलं.

वेग अर्ध्यावर आला. साहजिक आहे.

८ जून, दिवस ८

डाव्या करंगळीला कळ. शरीरातली कळ, कळफलकावरची नव्हे.

कारण चित्रणात सापडलं: प्रत्येक शिफ्ट मी डाव्या करंगळीनंच दाबते. आ लिहिताना डावं मधलं बोट वरच्या ओळीत आणि डावीच करंगळी शिफ्टवर, म्हणजे पंजा कोळ्यासारखा ताणला जातो. नियम साधा आहे: अक्षर ज्या हाताचं, शिफ्ट दुसऱ्या हाताची. आ, ई, ण ला उजवी शिफ्ट. ळ, थ, ख ला डावी. साधा आहे आणि मी पहिल्या दिवशीच तो वाचलेला होता.

इंग्रजीत मोठं अक्षर वाक्याला एकदा येतं, तिथे ही खोड खपून जाते. मराठीत ळ, ण, श, भ, आ हे सगळे शिफ्टचे, त्यामुळे दर ओळीला पाच-सात वेळा हात पडतो.

आज फक्त हेच: आळ, बाळ, भाळ, शाळा, आणा, थाळी. पंचेचाळीस मिनिटं.

९ जून, दिवस ९

१९० कळा, मिनिटाला साडेसात शब्द. पुढे.

१२ जून, दिवस १२

नुसता वेग लिहून काही कळत नाही, म्हणून गेल्या तीन दिवसांतल्या ६० चुका वहीत उतरवून त्यांच्या जाती लावल्या. २७ शिफ्टच्या: ळ चा ल, थ चा त, आणि उलट घाई झाली की ल चा ळ. १४ चुका म-न-व या तिघांच्या आपसातल्या. ९ ठिकाणी पाय मोडायचा राहिला, ‘पुस्तक’चं ‘पुसतक’ झालं. उरलेल्या १० कुठल्याही.

मी समजत होते की वेलांटी ही माझी दुखरी नस आहे. यादीत ती जवळपास नाहीच! दिवस ४ चा ठसा इतका खोल होता की आठवडाभर मी जी चूक होतच नव्हती तिचाच सराव करत बसले. आजपासून सरावाचे शब्द वहीवरून ठरवायचे. उद्यासाठी: नवमी, नमन, वानवा, विनवणी, मनमानी.

१४ जून, दिवस १४

शेजारचे अण्णा आले होते. तारुण्यात त्यांनी टंकलेखन संस्थेत मराठीची ३० ची परीक्षा दिलेली, मग कचेरीत तीस वर्षं यंत्रावर. म्हटलं, बसा माझ्या जागी.

त्यांचे हात बघण्यासारखे होते. मनगट हवेत, मान सरळ. आणि पडद्यावर टिंबांच्या वर्तुळांची माळ! टंकयंत्रावर वेलांटी आधी मारायची, मग अक्षर, कारण यंत्र कागदावर डावीकडून उजवीकडे ठोकत जाणार. काना वेगळा, अर्धी अक्षरं वेगळ्या कळांवर. “आम्ही अक्षराचं चित्र जोडायचो,” ते म्हणाले, “तुझं हे यंत्र जोडणी आपणच करतं, तुला नुसतं बोलायचंय.” मग त्यांनी मला शब्द सुट्या ध्वनींत पुटपुटत टंकायला लावलं: क, उ, ल, क, र, पाय मोड, ण, ई. ‘कुलकर्णी’ पहिल्या फटक्यात आलं.

```
कुलकर्णी
k  g  n  k  j  d  Shift+c  r
```

अण्णांनी आणखी एक गोष्ट पाहिली, जी मला चौदा दिवसांत दिसली नव्हती. मी ओळीच्या सुरुवातीला धावते आणि शेवटी अडखळते. त्यांनी टेबलावर पेन आपटत ठेका धरला, एका ठोक्याला एक कळ, तीही माझ्या आवडीपेक्षा बरीच सावकाश. तसं केल्यावर चुका शंभरी सहावर आल्या. आदल्या दिवशी त्या शंभरी अकरा होत्या.

१७ जून, दिवस १७

आज मी हरले, आणि हा भाग गाळायचा मोह झाला होता.

वार्षिक सभेची सूचना संध्याकाळपर्यंत फलकावर हवी होती. इन्स्क्रिप्टनं अर्धा तास लागला असता. मी भाषा बदलली, रोमनमधून दहा मिनिटांत लिहिलं, छापलं, लावलं. रात्री कार्यकारिणीतल्या एका सदस्यांचा फोन: “ताई, आडनाव गोळे. गोल मी फक्त पोटानं आहे.” यादीनं गोले दिलं होतं आणि घाईत मी ते उचललं. ज्या कारणासाठी हा सगळा उद्योग सुरू केला, नेमकं तेच.

त्याहून मोठा तोटा नंतर कळला. परत इन्स्क्रिप्टवर आले तर बोटं दोन घरांत राहिल्यासारखी वागायला लागली. क दोन्हीकडे `k` वरच आहे, तेवढा वाचला. पण रोमनचा `m` इथे स आहे आणि `n` इथे ल. ‘मन’ लिहायला गेले आणि पडद्यावर ‘सल’ उमटला. कालच्या दिवसाला मी २७० कळांवर होते, म्हणजे मिनिटाला जवळपास अकरा शब्द. आज २२५.

संगणकावरून रोमन पद्धत काढून टाकली. फोनवर ती आहे, पण तिथे अंगठ्यांचं काम आहे. बोटांना ते आठवत नाही असं दिसतंय.

२० जून, दिवस २०

उजव्या करंगळीची आज दया आली. ज, ड, च, ट हे सगळे तिच्या वाट्याला, आणि खालच्या कोपऱ्यात `/` वर य. मराठीत ‘च्या’ शिवाय वाक्य पुढे सरकत नाही: त्याच्या घराच्या मागच्या वाड्याच्या… प्रत्येक ‘च्या’ म्हणजे करंगळीनं च, डाव्या मधल्या बोटानं पाय मोडणं, करंगळी खाली जाऊन य, डावीकडे काना. माझी करंगळी य वर जाताना अख्खा पंजाच सोबत नेते, मग परत घर सापडत नाही. तर्जनी र वर टेकलेली ठेवून फक्त करंगळी हलवायची, असा वीस मिनिटं सराव केला. ‘त्याच्या’ हा शब्द मला आता दिसला की घाम येतो.

आणि हे एक खास मराठी प्रकरण. रजिस्टरात एका प्रवासवर्णनाच्या नोंदीत ‘दऱ्या’ हा शब्द होता. मी लिहिलं आणि डोंगराच्या जागी समुद्र आला:

```
दऱ्या   o  Shift+j  d  /  e
दर्या   o  j        d  /  e
```

फरक एका शिफ्टचा. र ला शिफ्ट दिली की ऱ मिळतो, आणि त्याचा पाय मोडून पुढे य आला की आडवा र तयार होतो. साधा र घेतला की रफार. किनाऱ्यावर, सुऱ्या, आचाऱ्यांना हे सगळे याच वाटेचे. आचाऱ्यांना वाढलेलं जेवण आचार्यांना वाढलं गेलं तर कोणी उपाशी राहणार नाही, पण सूचीत शोधणाऱ्याला पुस्तक सापडणार नाही.

२२ जून, दिवस २२

पाऊस, वीज नाही. टेबलावर नुसतीच बोटं आपटली आणि मोठ्यानं ध्वनी म्हटले. मोजमाप नाही.

२४ जून, दिवस २४

आजची चूक बोटांची नाही, तरीही सगळ्यात महाग पडली असती.

एक वाचक ॲटलस मागायला आला. त्यानं फोनवरून सूचीत शोधलं, नाही. पण मीच तो आठ दिवसांपूर्वी चढवला होता. खाली सरकत गेले तर ८७ व्या ओळीत डोळ्यांसमोर आहे. डोळ्याला सारखाच, शोधाला परका.

माझ्या संगणकावरच्या मांडणीत `Shift+1` वर ऍ आहे, म्हणजे ए वर चंद्र. तो हिंदीच्या सवयीचा. मराठी डोळ्याला खटकतो. म्हणून मी अ टाकून वर `Shift+2` चा चंद्र ठेवत होते. दिसायला अगदी बरोबर. पण युनिकोडमध्ये मराठीच्या ॲ ला २००८ पासून स्वतःची एक जागा आहे आणि माझी जोडणी दोन चिन्हांची होती:

```
ॲ    U+0972
अॅ   U+0905 U+0945
ऍ    U+090D
```

शोध चित्र बघत नाही, हे आकडे जुळवतो. वाचकानं फोनच्या कळफलकावरून पहिला प्रकार टाकला तर दुसऱ्या प्रकारानं लिहिलेली नोंद त्याला कधीच भेटणार नाही. उपाय: खरा ॲ एकदा कुठून तरी उचलून घेतला आणि संपूर्ण तक्त्यात ‘शोधा व बदला’ चालवलं. १९ जागी बदल झाला. पुढे लिहिताना मात्र मी दोन चिन्हांचाच टाकते आणि दिवसाच्या शेवटी बदल चालवते. सुबक नाही, पण चालतं.

शेजारच्या घरात बेळगावची एक मुलगी सुट्टीला आली आहे, ती कानडी टंकते. तिला माझ्या जागी बसवून कळफलक कानडीवर केला तर क तिच्याही `k` वरच, र `j` वर. लिपी वेगळी, बोटांच्या जागा त्याच. आम्ही दोघींनी एकाच वेळी ‘कारकून’ लिहिलं. ती माझ्या आधी पोचली.

२७ जून, दिवस २७

३६५ कळा. वेग वाढला की चुकाही वाढतात, हे पाहून आज मुद्दाम ठेका कमी केला. शंभरी चार.

३० जून, दिवस ३०

शेवटची चाचणी, एकाच प्रयत्नात, न कापता दाखवतेय: पाच मिनिटं, ४०५ कळा, १४ चुका. मिनिटाला १६ शब्द. लक्ष्य २५ होतं. रोमनचा माझा जुना वेग २२ होता, म्हणजे कागदावर मी महिनाभर मेहनत करून हळू झाले आहे.

डोकं चौकटीत पाच मिनिटांत ३ वेळा आलं. तिन्ही वेळा ष साठी. तो स्वल्पविरामाच्या कळेवर शिफ्टसह आहे आणि माझ्या बोटांना अजून पटलेलं नाही.

दुसरी एक चाचणी मी स्वतःहून जोडली. रजिस्टरचं एक पान, २५ नोंदी, दोन्ही पद्धतींनी. रोमनसाठी वाचनालयातला दुसरा संगणक वापरला. तिथे ते पान ३१ मिनिटांत झालं आणि नंतर ताडून पाहताना सहा आडनावं दुरुस्त करावी लागली. इन्स्क्रिप्टनं ३४ मिनिटं, दुरुस्ती एक: ‘पिंगळे’चा ळ. शिफ्ट अर्थातच.

अण्णांना आकडा सांगितला. त्यांनी विचारलं, ठेक्यात आला का. मी म्हटलं, बहुतेक. ते म्हणाले मग उद्या पेन घेऊन येतो.

उद्या दाखल क्रमांक ४१२ पासून.